खुलासा: भाडे आणि हप्ता यांच्या तुलनेविषयी

“भाडे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे, तेवढाच हप्ता भरला तर घर आपले होते.”

हे अर्धेच खरे आहे. नऊ टक्के स्थिर व्याजाच्या वीस वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातील प्रत्येक शंभर रुपयांपैकी सुमारे ८३ रुपये व्याजात जातात आणि पाच वर्षे नियमित फेड करूनही मुद्दल जेमतेम अकरा टक्के कमी होते. त्यामुळे भाड्याची तुलना पूर्ण हप्त्याशी न करता व्याज, देखभाल, मालमत्ता कर आणि घरात अडकलेल्या स्वतःच्या रकमेवरील बुडालेले उत्पन्न यांच्या बेरजेशी करावी. वार्षिक भाडे किमतीच्या तीन टक्के असेल आणि किमतीच्या ऐंशी टक्के कर्ज काढले, तर केवळ हप्ताच भाड्याच्या जवळपास तिप्पट होतो. तो फरक खरोखर गुंतवला जात नसेल (आणि बहुधा इथेच गाडे अडते), तर भाडेकरूचा फायदा कागदावरच राहतो. घराची किंमत वेगाने वाढली, तर हिशेब उलटूही शकतो.