पितळ उघडं पडतं ते असं

बाथरूमच्या टाइल्स न फोडता बाकीचं सगळं बदलायचं ठरलं आणि आमच्या घरात दोन तट पडले. हिला नळ-शॉवरला ब्रश्ड ब्रास हवं होतं. चिरंजीवांना मॅट ब्लॅक, कारण त्यांच्या मते बाकी सगळं 'अंकल' दिसतं. क्रोमच्या बाजूने कोणीही नव्हतं, आणि तरी क्रोम बिनविरोध निवडून आलं, कारण ते आधीपासून भिंतीत होतं. पाणी शॉवरकडे की खालच्या नळाकडे हे ठरवणाऱ्या डायव्हर्टरची बॉडी टाइलच्या आत गाडलेली असते. बाहेर दिसणारी प्लेट आणि मूठ तिच्यावर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची बसते, आणि आमच्या मॉडेलला सोनेरी किंवा काळी प्लेट मिळेना. म्हणजे सोनेरी हवं तर भिंत फोडा, वॉटरप्रूफिंग पुन्हा करा, आणि पावसाळ्यात खालच्या मजल्यावरचे काका छताची ओल दाखवायला वर आले की त्यांना चहा करा. ही म्हणाली, "राहू दे क्रोम."

पण 'राहू दे' म्हणून सोडलेलं क्रोम, हट्टाने आणलेलं पितळ आणि फॅशनचं काळं एका खोलीत नांदणार कसं? दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "मिक्स अँड मॅच सध्या चालतं साहेब." त्याच्याकडे सगळंच चालत होतं. त्याने ब्रश्ड गोल्ड, फ्रेंच गोल्ड, रोझ गोल्ड, अँटिक असे नळ काउंटरवर मांडले आणि सराफासारखा बाजूला उभा राहिला.

दुकानातल्या पिवळ्या दिव्यांखाली दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्रश्ड ब्रास नळ मला जुळे भाऊ वाटले. हिने ते उचलले आणि दुकानाच्या दारात, रस्त्यावरच्या उजेडात एकमेकांना टेकवून धरले. एक लालसर होता, दुसरा हिरवट. शिवाय एकावर ब्रशच्या रेघा उभ्या, दुसऱ्यावर आडव्या. तिथे मला या सगळ्या प्रकरणाची मेख कळली. काळं आणि सोनेरी शेजारी असलं की बघणाऱ्याला वाटतं, मुद्दाम केलंय. दोन जवळजवळ सारखी सोनेरी शेजारी असली की वाटतं, एक संपलं म्हणून दुसरं आणलंय. खोली विजोड दिसते ती या 'जवळजवळ'मुळे. म्हणून पितळ जे काय घ्यायचं ते एकाच कंपनीचं, एकाच सिरीजमधलं, आणि शक्यतो एकाच वेळी.

नळ घरी आला तेव्हा आईने चिंच भिजत घातली. "पितळ आहे ना? मग घासायला नको?" तिला सांगितलं की हे पितळ घासायचं नसतं. त्यावर पातळ लेप असतो, चिंच-मिठाने उजळायचं तर दूरच, उलट लेप खराब व्हायची भीती. ओल्या मऊ फडक्याने पुसायचं आणि कोरडं करायचं, बस. "मग आत काय आहे?" आत पितळच. चांगल्या क्रोमच्या नळाच्याही आत पितळ असतं, त्यावर निकेल आणि निकेलवर क्रोमचा मुलामा. काळ्याच्या आतही बहुधा तेच. आईने थोडा वेळ विचार केला. "म्हणजे पितळेला पितळेसारखं दिसावं म्हणून तुम्ही जास्त पैसे दिलेत?" मी चिंचेची आमटी करायला सुचवलं.

यातून मार्ग काढला तो आमच्या प्लंबरने. त्याने दारात उभं राहून विचारलं, "इथून काय काय दिसतं, ते आधी बघा." आम्ही नळ आणि शॉवर एवढंच मोजत होतो. त्याने बेसिनखालचा बॉटल ट्रॅप दाखवला, दोन अँगल कॉक दाखवले, बेसिनच्या भोकातलं वेस्ट कपलिंग दाखवलं, हेल्थ फॉसेट, जमिनीवरची जाळी, दाराच्या बिजागऱ्या. यातलं बरंचसं न सांगता क्रोमचं येतं. वर सोनेरी नळ आणि खाली चकचकीत क्रोमचा ट्रॅप, म्हणजे पैठणीखाली दिसणारे स्पोर्ट्स शूज. आमचं बेसिन उघडं, खाली कपाट नाही, त्यामुळे झाकायची सोयही नव्हती.

मग खोलीची वाटणी झाली. काचेच्या पार्टिशनपलीकडे ओली बाजू. तिथलं सगळं क्रोम: डायव्हर्टर आहेच, म्हणून शॉवर, स्पाउट, हेल्थ फॉसेटही तसंच, आणि स्टीलची जाळी त्यात आपोआप खपते. अलीकडे बेसिनची भिंत हिची. नळ, कपलिंग, ट्रॅप आणि अँगल कॉक एका सिरीजचे पितळी. पितळी ट्रॅपची किंमत ऐकून मी म्हणालो, की यातून फक्त चूळ भरलेलं पाणी जातं. कोणी लक्ष दिलं नाही. पण एवढं करूनही सगळं पितळ कमरेखालीच राहत होतं. म्हणून आरशाच्या दोन्ही बाजूंचे दिवे पितळी घेतले, म्हणजे तो रंग डोळ्यांच्या उंचीवरही भेटतो आणि नळ एकटा पडत नाही.

चिरंजीवांचं काळं पाण्यापासून लांब ठेवलं. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतो. त्या जड पाण्याचा थेंब काळ्या नळावर वाळला की पांढरं कडं राहतं, आणि क्रोमवर त्या मानाने कमी दिसणारं ते कडं काळ्यावर पार दारातून दिसतं. मग कोणीतरी ते घालवायला ॲसिडवालं क्लीनर ओततं आणि डागाबरोबर रंगही जातो. म्हणून काळं फक्त कोरड्या हाताला: टॉवेल रॉड, खुंट्या, दाराचं हँडल, आरशाची चौकट, पार्टिशनची पट्टी. ती पट्टी फार उपयोगी पडली. पितळ आणि क्रोम जिथे एकमेकांसमोर येतात नेमकी तिथेच ती काळी रेघ उभी आहे. आता दोन्हीकडचं सामान भांडत नाही. ती रेघ दोन्ही बाजूंनी दिसते, त्यामुळे वाटणी झाल्यासारखीही वाटत नाही.

इलेक्ट्रिशियनने मात्र पितळी दिव्यांत सवयीने पांढरेफटक, 6500 केल्विनचे बल्ब लावले. बटण दाबलं आणि दुकानात मधासारखं दिसलेलं पितळ आजारी पडलं. हिचा चेहराही. 3000 केल्विनचे पिवळसर बल्ब लावल्यावर दोघंही पूर्ववत झाले. क्रोमला स्वतःचा असा रंग फारसा नसतोच, समोर असेल ते ते दाखवतं. त्यामुळे त्यात आता दिव्यांचा थोडा पिवळेपणा उतरतो आणि पलीकडची ओली बाजूही सोयरीक असल्यासारखी वागते.

काम पूर्ण झाल्यावर मावशी बघायला आली. तिने नळ बघितला, वाकून ट्रॅप बघितला, दिवे दोनदा लावून विझवले. आम्ही तिघं दारात प्रमाणपत्राची वाट बघत उभे. मावशीने वर बघितलं.

"गिझर पांढराच ठेवलात होय?"

ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचली नसेल, तोच आतून आवाज आला, "अहो, गिझर काळा मिळतो का हो?"