शेळ्या गाडीत ठासून भरल्या म्हणून मुका मार टळत नाही

"बकऱ्या बाजारात नेताना हे करा. १) गाडीत गच्च भरा, हलायला जागा नसली की पडत नाहीत आणि मार लागत नाही. २) मस्तीखोर बोकडाचे पाय बांधून आडवा टाका, शांत राहतो. ३) निघण्याआधी मिठाचं पाणी आणि पोटभर मका द्या, काट्यावर दोन किलो जास्त भरतो. ४) चढवताना शिंगं नाहीतर कान धरा, बकरीला दुखत नाही. ५) रात्रीच निघा, ऊन लागत नाही. सर्व शेळीपालक बांधवांना पाठवा."

माझ्या चुलत्यांनी हा मेसेज आधी सात जणांना पाठवला आणि मग मला विचारलं, "बरोबर आहे ना?" नाही, बरोबर नाही. शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे, त्याचं नंतर बघू. बकरी ईद जवळ आली की धाराशिवकडून मुंबईतल्या देवनारच्या बाजारापर्यंत चारशे किलोमीटरच्या आसपास बोकडांच्या गाड्या जातात. तिथे जाणाऱ्या माणसाने यातला पहिला मुद्दा जरी पाळला, तरी त्याचं जनावर आणि पैसा दोन्ही जाईल. म्हणून सगळ्यात जास्त त्याच्याबद्दलच लिहितो.

चालत्या गाडीत शेळी तोल कसा सांभाळते, हे एकदा नीट बघा. ती चारही पाय फाकवून उभी राहते. ब्रेक लागला की एक छोटं पाऊल पुढे टाकते, वळण आलं की बाजूला टाकते आणि परत सावरते. ते एक पाऊल टाकायला जागा असली की ती पडत नाही. गच्च भरलेल्या गाडीत तेवढीच जागा नसते. मग ब्रेक लागला की तिचं वजन शेजारणीवर जातं, शेजारणीचं पुढचीवर, आणि सगळा लोंढा फाळक्याकडे नाहीतर केबिनकडे कलतो. खंडाळ्याच्या उतारावर हे दर वळणाला होतं. त्यात एखादी गुडघ्यावर आली की तिची जागा बाकीच्यांच्या अंगांनी लगेच भरून जाते. तिला उठायला वाव उरत नाही आणि वरच्यांना पाय ठेवायला दुसरी जागा नसते. तुडवली जाऊन आणि गुदमरून मेलेल्या शेळ्या अशाच गाड्यांतून निघतात. ज्या वाचतात त्यांच्या पाठीवर आणि कमरेवर खुरांचा मुका मार असतो, बरगड्यांवर शेजारच्या शिंगांचा.

केसांखाली हा मार दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं तो लागलाच नाही. कातडी उतरल्यावर काळानिळा डाग दिसतो आणि तेवढं मांस कापून टाकावं लागतं. गाडी उतरवताना मात्र एक खूण बघता येते. स्वतःहून खाली बसलेल्या शेळीच्या छातीला आणि पोटाला घाण लागलेली असते. जिच्या पाठीवर नाहीतर वरच्या कुशीवर लेंड्यांचे, चिखलाचे ठसे आहेत, ती पडली होती आणि तुडवली गेली होती, असं समजा. तिला वेगळी काढा आणि चालवून बघा.

मग जागा किती हवी? यावर भांडायचं कारण नाही, कारण नियम लिहिलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये जनावरांच्या वाहतुकीसाठी सुधारणा झाली. तिच्यात एका शेळीला किंवा मेंढीला ०.३ चौरस मीटर जागा दिली आहे, म्हणजे साधारण सव्वातीन चौरस फूट. आता नेहमीची पिकअप घ्या. हौदा ९ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असेल, तर जागा झाली साडेएकोणपन्नास चौरस फूट. तिच्यात १५ शेळ्या बसतात. त्याच हौद्यात लोक तीस-पस्तीस कोंबतात. प्रत्येक गाडीचा हौदा सारखा नसतो, तेव्हा टेपने मोजा आणि मग भागाकार करा.

इथे भाड्याचा प्रश्न येतो आणि तो खोटा नाही. समजा देवनारपर्यंत एका पिकअपचं भाडं १२,००० रुपये आहे. तीस बोकड एकाच गाडीत घातले तर प्रत्येकी ४०० पडतात, दोन गाड्या केल्या तर ८००. म्हणजे तीस बोकडांमागे १२,००० रुपये जास्त. आता दुसरी बाजू बघा. जिवंत वजनाचा भाव ४०० रुपये किलो धरला, तर २८ किलोचा एक बोकड ११,२०० रुपयांचा झाला. गच्च गाडीत एक मेला की वाचवलेलं भाडं जवळजवळ तिथेच संपलं. आणि ईदच्या बाजारात लंगड्या बोकडाचंही तेवढंच नुकसान असतं. कुर्बानीचं जनावर धडधाकट लागतं. ठळक लंगडणारं, डोळा गेलेलं, शिंग मुळातून तुटलेलं जनावर गिऱ्हाईक घेत नाही. ज्याला ईदचा भाव मिळाला असता तो बोकड मग खाटकाच्या भावाने जातो.

एक गोष्ट मान्य करतो. फार मोकळी गाडीही चांगली नाही. १५ च्या जागेत पाचच शेळ्या असल्या, तर जोराचा ब्रेक लागल्यावर त्या हौद्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला फेकल्या जातात. कुणीतरी हे पाहिलं असेल आणि त्यातूनच "गच्च भरा" निघालं असेल. पण त्यावर उपाय आडवा कप्पा घालणं हा आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत शेळ्या-मेंढ्यांच्या मोठ्या गाड्यांत दर दोन-तीन मीटरवर आडोसा घालायला सांगितलं आहे. पिकअपला मधोमध एक पुरतो. बांबू नाहीतर लाकडी फळ्या चालतील. सर्वांत खालची फळी इतकी खाली हवी की तिच्याखाली शेळीचं डोकं किंवा पाय अडकणार नाही. शिंगवाले बोकड एका कप्प्यात आणि बिनशिंगी दुसऱ्यात ठेवा. एकमेकांना कधी न पाहिलेले दोन मोठे बोकड एका कप्प्यात घालू नका, ते वाटभर टकरा देतात.

तळाकडेही लक्ष द्या. नुसत्या पत्र्यावर लघवी पडली की अर्ध्या तासात घसरण होते. त्याच नियमांत निदान पाच सेंटिमीटर जाडीचा पेंढा पसरायला सांगितला आहे. आपल्याकडे उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा चालतो. त्याच्याखाली वाळूचा पातळ थर दिला तर ओल खाली मुरते आणि पाय सरकत नाहीत.

पाय बांधण्याचा मुद्दा वाचून मला खरोखर राग आला. आडवा पडलेला बोकड शांत नसतो, त्याला हलताच येत नाही. शेळीच्या कोठीपोटात सतत वायू तयार होतो आणि तो ढेकरेने बाहेर पडतो. कुशीवर आडवं ठेवलं की ढेकर नीट येत नाही, पोट फुगतं आणि फुप्फुसांवर दाब येतो. पोटातलं तोंडात येऊन श्वासनलिकेतही जाऊ शकतं. दहा तासांच्या वाटेवर याचा शेवट मरणात होऊ शकतो. जो जगतो त्याचे पाय दोरीने सुन्न पडलेले असतात. १९७८ चे नियम पाय बांधायला सरळ मनाई करतात. बोकड उडी मारेल अशी भीती असेल तर हौद्याच्या बाजू उंच करा आणि वर जाळी टाका.

मीठ आणि मक्याचा हिशेब तर करून बघण्यासारखा आहे. मिठाने शेळी दोन लिटर पाणी जास्त प्यायली, म्हणजे दोन किलो वजन वाढलं, हे खरं. पण काटा दहा तासांनी आहे. तोपर्यंत ते पाणी लघवीतून गाडीच्या तळावर गेलेलं असतं. तुम्ही स्वतःच्याच पैशाने तळ निसरडा केला. आणि काट्यापर्यंत टिकलं तरी ती खरेदीदाराची फसवणूकच आहे. मका याहून वाईट. एकदम पोटभर धान्य घातलं की कोठीपोटात आम्ल वाढतं. शेळी खाणं सोडते, पातळ हगते आणि सुस्त पडते. लस न दिलेल्या जनावरात आंत्रविषार होतो, त्यात तर उपचाराला वेळही मिळत नाही. हे सगळं बरोबर बाजारात पोचायच्या सुमारास दिसू लागतं.

त्याऐवजी खुराक आदल्या संध्याकाळी नेहमीच्या निम्मा द्या आणि तिथेच थांबवा. निघेपर्यंत सुका कडबा किंवा तुरीचं भुसकट आणि साधं पाणी, हवं तेवढं पिऊ द्या. पाणी कधीच तोडू नका. एवढ्या लांबच्या वाटेत एकदा थांबून बादलीने पाणी पाजा, सोबत थोडा कडबा ठेवा. पोचल्यावर आधी पाणी आणि मग वैरण.

शिंगं आणि कान धरण्याबद्दल फार बोलायला नको. शेळीच्या शिंगाच्या आत हाड असतं आणि ते कपाळाच्या पोकळीला जोडलेलं असतं. ते मुळात मोडलं तर रक्त येतं आणि पोकळी उघडी पडते. उचलावंच लागलं तर एक हात छातीपुढून आणि दुसरा मांड्यांच्या मागून घालून अंगाशी धरून उचला. जड बोकडाला दोन माणसं लागतात. पण उचलायची वेळच येऊ नये. हौदा जमिनीपासून अडीच-पावणेतीन फूट उंच असतो. त्याला आठ फूट लांबीची रुंद फळी लावली की चढ बेताचा होतो. फळीवर वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोका, दोन्ही बाजूंना आडोसा करा आणि फळी व हौदा यांच्यातली फट गोणपाटाने झाका. ती काळी फट दिसली की शेळी जागच्या जागी थबकते. हौद्याचं उघडं तोंड उजेडाकडे ठेवा, आत मिट्ट अंधार असेल तर त्या शिरत नाहीत. मग कळपातली म्होरकी शेळी दोरीने आधी चढवा, बाकीच्या तिच्या मागे येतात. अडली तर काठी नको. रिकामं पोतं हलवत तिच्या खांद्याच्या मागच्या बाजूला उभे राहा, ती पुढे सरकते. खांद्यापुढे उभे राहिलात तर मागे फिरते.

राहिला रात्रीचा मुद्दा. उन्हाळ्यात रात्री निघणं योग्यच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण गाडी चालू असते तोवरच वारा लागतो. पहाटे तीनला बाजाराच्या दारात पोचून सकाळी अकरापर्यंत उन्हात भरलेली गाडी उभी केली, तर रात्री निघाल्याचा फायदा सगळा गेला, आणि ताडपत्री आवळलेली असेल तर आतल्या वाफेने शेळ्या तोंड उघडून धापा टाकू लागतात. म्हणून निघायची वेळ पोचायच्या वेळेवरून ठरवा. पहाटे सहाच्या सुमारास पोचून लगेच उतरवता येईल असा हिशेब धरा. ताडपत्री फक्त वर ठेवा आणि बाजू उघड्या सोडा. वाटेत गाडी अडकलीच, तर ती सावलीला घ्या आणि फाळका थोडा उघडून एक माणूस तिथे उभा करा.