ढेमसे आणि साखरे

आमच्या मंडळाच्या दोन अंकी नाटकाचे संवाद मी आठ दिवसांत लिहिले, पण पात्रांची नावं ठेवायला तीन आठवडे गेले. बारशाला निदान आत्याबाई तरी असते. इथे बाराही पात्रांची आत्या मीच.

खलनायक म्हणजे सोसायटीचा अध्यक्ष, गुपचूप जागा बिल्डरच्या घशात घालणारा. त्याला पहिल्यांदा मी भुजंगराव विखारे केलं. वाचनाला सगळे फिदीफिदी हसले. देवलांच्या ‘शारदे’त भुजंगनाथ खपून जातो, कारण बोहल्यावर चढायला निघालेल्या त्या थेरड्याला हसायचंच असतं. माझ्या अध्यक्षाची भीती वाटायला हवी होती, आणि तीही दुसऱ्या अंकात. नावानेच आधी चुगली केली तर मग उरलं काय?

म्हणून मधुकर साखरे. नाव गोड, आडनाव गोड. मधुकर म्हणजे भुंगा, आणि भुंगा लाकूड पोखरतो, हे ज्याला कळेल त्याला कळेल. शिवाय साखरेत ‘ख’ आहे. अत्र्यांच्या लखोबा लोखंडेत तर दोन आहेत: ‘ल’ने लाडीगोडी लावायची, ‘ख’ने खरवडायचं. आमच्या नटाला सांगितलं, पहिल्या अंकात ‘साखरे’ सरळ म्हण, दुसऱ्यात ‘ख’ घशात जरा घोट. अंगावर काटा आला हो!

विनोदी पात्राने मात्र घाम फोडला. सतत रडगाणं गाणारा भाडेकरू, म्हणून सदानंद सुखात्मे. कागदावर मी स्वतःच खूश. तालमीत शेवटच्या खुर्चीवरून ऐकलं तर नुसती सळसळ. अर्थाचा विनोद कळायला क्षणभर लागतो, तेवढ्यात पुढचं वाक्य येतं. हशा हवा तर तोंडात काहीतरी आपटलं पाहिजे. ट, ठ, ड, ढ त्यासाठीच आहेत. ढमढेरे केलं. नाव घेतलं की ढोल वाजतो! पण खजिनदारांची सासुरवाडी ढमढेऱ्यांची निघाली, आणि नाटकाचे पैसे त्यांच्याकडे.

शेवटी भाजीवाल्याने वाचवलं. बायको म्हणाली, “ढेमसं नको, घरात कुणी खात नाही.” गोल, पचपचीत, कुणालाच नको असलेलं. माझा भाडेकरू! सदानंद ढेमसे. ‘सदानंद’पर्यंत हळुवार चढायचं आणि ‘ढे’वर धपकन पडायचं.

रंगीत तालमीत घोळ झाला. दुसऱ्या अंकात साखरे दार लोटून आत येतो आणि गरजतो, “ढेमसे, घर खाली कर!” सगळे खो खो हसले, साखरेसुद्धा. पात्राला आपलं नाव स्वतःला क्वचितच घ्यावं लागतं. ते दुसऱ्याच्या तोंडी येतं आणि त्याचं तोंड वाकडं करतं, हे मी विसरलोच होतो. त्या रात्री साखरेच्या संवादांतले अकरा ‘ढेमसे’ खोडले. प्रयोगात तो कडी लावून शांतपणे म्हणाला, “सदानंद, बस.”

पहिल्या रांगेतलं एक पोर आईच्या मांडीवर चढलं.