कस्टम केकला किलोचा रेट सांगणं बंद करा

घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या मैत्रिणींनो, हे जरा लांबलचक होणार आहे पण नीट वाचा, कारण दर आठवड्याला कुणीतरी मला मेसेज करतं की ताई महिनाभर राबराब राबले आणि हातात काहीच उरलं नाही. प्रत्येकीला मी एकच विचारते, कस्टम केकचा रेट कसा सांगतेस? उत्तर ठरलेलं, "चॉकलेट ८०० रुपये किलो." पैसे नेमके इथेच जातात.

साध्या केकला किलोचा रेट चालतो, कारण त्यात सगळं ठरलेलं असतं. स्पंज, क्रीम, वरून थोडं गनाश, दोन-अडीच तासांत काम संपतं. पण कस्टम केकमधे वजनाचा आणि कामाचा काही संबंधच नसतो. एक किलोच्या केकवर अर्ध्या तासाचंही काम असू शकतं आणि सहा तासांचंही. गिऱ्हाईक मात्र डोक्यात किलोच धरून बसतं कारण आपणच त्याला तसं सांगितलेलं असतं.

एक उदाहरण पूर्ण हिशोबासकट सांगते. पाच वर्षांच्या मुलाचा वाढदिवस, दीड किलो एगलेस चॉकलेट, जंगल थीम, मोबाईलवर आलेला फोटो. फोटोत फाँडंटचा सिंह, हत्ती, जिराफ, पाच आकडा आणि नावाची पाटी. आणि खाली मेसेज, "ताई तुमचा ८०० किलो आहे ना, म्हणजे १२०० झाले ना?" हिशोबात सांगणारा चुकत नाहीये हो, त्याला जे सांगितलंय त्याचाच गुणाकार करतोय तो.

आता बघा. स्पंजला मैदा, कोको, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, बटर, साखर, दही वगैरे धरून साधारण ३३० रुपये. व्हिपिंग क्रीम १०० रुपये. गनाशसाठी पाव किलो डार्क कंपाउंड आणि त्याच्या निम्मं क्रीम, १३० रुपये. (फाँडंटची सजावट आहे म्हणून वरचा थर गनाशचाच पाहिजे, ओल्या क्रीमवर फाँडंट ठेवलं तर तासाभरात चिकट होऊन खाली घसरायला लागतं.) इथपर्यंत ५६० झाले. मग साडेतीनशे ग्रॅम फाँडंट १३०, जेल कलर आणि सीएमसी पावडरचे ३०. उंच बॉक्स, बोर्ड, मेणबत्ती, सुरी धरून १४०, साधा बॉक्स चालत नाही कारण जिराफाची मान झाकणाला लागते. ओटीजी सव्वा तास चालतो, दीडेक युनिट वीज, फ्रिज वगैरे धरून २० लावा. एकूण ८८० रुपये. हे माझ्याकडचे भाव, मी बरंचसं सामान रविवार पेठेतून एकदम आणते, तुमच्याकडे थोडं पुढेमागे होईल.

१२०० मधून ८८० गेले, राहिले ३२०. आता वेळ मोजा. स्पंज दीड तास, लेयर लावून गनाशचं फिनिशिंग दीड तास, फाँडंटचं काम साडेतीन-चार तास, सामान आणणं आणि शेवटी ती सगळी भांडी-नोझल घासणं एक तास. आठ तास झाले. म्हणजे तासाला ४० रुपये. आणि त्यात कोथरूडवरून हडपसरला "फ्री डिलिव्हरी" म्हटलं असेल तर रिक्षाला अडीचशे देऊन पूर्ण दिवसाचे ७० रुपये उरतात. त्यात मेसेजवर बोलण्यात गेलेला वेळ मी धरलेलाच नाही.

मी रेट असा काढते. सामान ८८०, त्यावर दहा टक्के वाया जाणारं म्हणजे ९० (फाँडंटचे तुकडे सुकतात, क्रीम उरतं, एखादा हत्ती सोंडेला तडा जाऊन परत करावा लागतो), आणि आठ तासांचे तासाला १२० प्रमाणे ९६०. झाले १९३०, मी १९५० सांगते आणि डिलिव्हरी जी होईल ती वेगळी. तासाला १२० म्हणजे काही डोक्यावरून पाणी नाही, हाताची कला येणाऱ्या माणसाचे एवढे तर व्हायलाच हवेत. तुमच्या गावात १०० धरा, १५० धरा, पण काहीतरी आकडा धरा.

आता पुढचा मेसेज ठरलेला असतो, "अहो ताई बजेट एवढं नाहीये हो, पंधराशेत बसवा ना." इथे बहुतेक जणी काय करतात, तर तोच केक पंधराशेत करून देतात. माझं ठाम मत आहे की हे करायचं नाही. रेट उतरवायचा नाही, काम उतरवायचं. मी त्यांना सांगते की बसवते ना, फाँडंटचा फक्त सिंह करते, बर्थडे बॉयला तोच लागणार आहे, हत्ती-जिराफ आणि पाच आकडा जाड कागदावर प्रिंट करून काडीवर लावते आणि बाजूने हिरव्या क्रीमची पानं नोझलने काढते. ह्यात माझे तीन तास वाचतात म्हणजे ३६० रुपये, फाँडंट कमी लागून आणि प्रिंटचा खर्च धरून अजून ८० वाचतात, आणि किंमत बरोबर १५०० च्या आसपास येते. गिऱ्हाईक खूष, तासाचे माझे पैसे तेवढेच राहिले. कोणाला खरंच तीन प्राणी हवेच असतील तर ते १९५० देतात, देणारे भरपूर आहेत.

अजून एक, फोटोवरून कधीच भाव सांगू नका. नेटवरच्या फोटोतले बरेच केक चार-पाच किलोचे असतात, कित्येकांत खालचा मजला थर्माकोलचा असतो, वर नुसतं फाँडंट लावलेलं. दीड किलोचा केक माझ्याकडे सात इंची टिनमधे होतो. सात इंचाच्या गोलावर तीन-तीन इंचाचे तीन प्राणी ठेवले की नाव लिहायला जागाच राहात नाही, मग पाटी खाली बोर्डवर घ्यावी लागते. हे गिऱ्हाईकाला आधी सांगितलं नाही तर तो केक घेताना म्हणणारच की फोटोसारखा नाही झाला. म्हणून मी पहिलं विचारते माणसं किती, कारण किलोभर केक दहा-बारा जणांना पुरतो, आणि मग विचारते की ह्या फोटोतलं नक्की काय पाहिजेच आहे. नव्वद टक्के वेळा उत्तर एकच गोष्ट असतं. रंग, किंवा एखादं पात्र, किंवा नाव. बाकीचं त्यांना नसलं तरी चालतं, आणि आपण उगाच सगळं करत बसतो.

वजनाचाही खुलासा आधीच करते की दीड किलो म्हणजे स्पंज, क्रीम आणि गनाश, फाँडंटचे प्राणी त्यात धरलेले नाहीत. कारण तीन प्राणी मिळून पाव किलोच्या वर भरतात आणि मागे एका ठिकाणी वाढदिवसाच्या हॉलवर वजनकाटा काढून वाद झालेला मी ऐकलाय.

गडद काळा किंवा लाल क्रीम मागितलं तरी आधी बोलून घ्या. पांढऱ्या क्रीममधे काळा रंग आणायला एवढा जेल कलर ओतावा लागतो की चव कडवट होते आणि पोरांचे दात-ओठ काळे. मी काळ्यासाठी डार्क चॉकलेटचंच क्रीम घेते, ते आधीच तपकिरी असल्यामुळे रंग थोडक्यात होतो, आणि रात्रभर ठेवलं की अजून गडद होतो. सांगण्याचं कारण, कडू लागला म्हणून पैसे परत मागितले तर तो अख्खा केक तुमच्या खिशातून जातो.

बदलांचं सांगते, कारण हिशोब बरोबर असूनही इथे घसरतो. फाँडंटचे प्राणी मला दोन ते तीन दिवस आधी करून पंख्याखाली सुकवावे लागतात, पावसाळ्यात तर सीएमसी थोडी जास्त घालूनही तिसरा दिवस लागतो, नाहीतर हत्ती उभा राहात नाही, पाय बसतात. म्हणून केकच्या चार दिवस आधी डिझाइन फायनल आणि त्याच दिवशी निम्मे पैसे. ॲडव्हान्स आला की मी सामान आणते, आला नाही तर ऑर्डर धरतच नाही, मग ती शेजारच्या वहिनींची असो की नात्यातल्या आत्याची. फायनल झाल्यावर नावाचं स्पेलिंग बदला म्हटलं तर फुकट बदलून देते, दहा मिनिटांचं काम आहे. "हत्तीऐवजी डायनासोर करा ना, तो आता डायनासोर म्हणतोय" असं आलं तर नवीन प्राण्याचे वेगळे पैसे, आणि केलेला हत्तीसुद्धा त्यांनाच देते. सगळं एका मेसेजमधे लिहून पाठवते, म्हणजे वजन, फ्लेवर, एगलेस की अंड्याचा, फाँडंटचं काय आणि प्रिंटचं काय, नाव, वेळ, पैसे. समोरून "ओके" आलं की मगच काम सुरू. तोंडी काहीच ठेवायचं नाही.

फ्रिजमधून केक काढला की फाँडंटला घाम सुटतो, रंग ओघळतात. तेव्हा प्राणी वेगळ्या डब्यात, बाहेरच, कोरडे द्यायचे आणि केक कापायच्या अर्धा तास आधी ठेवायला सांगायचं. मेसेजमधे ही ओळ पण असते, म्हणजे "रंग उतरला" ही तक्रार यायची जागाच राहात नाही.

आता कुकीजचं थोडक्यात, दिवाळी आली की ऑफिसच्या ऑर्डरी येतात म्हणून. समजा पाच किलो बटर कुकीज, पाव-पाव किलोचे वीस बॉक्स, प्रत्येक कुकीवर कंपनीचा लोगो. ऐकायला फार छान वाटतं. पण वीस ग्रॅमची एक धरली तर अडीचशे कुकीज. माझ्या ओटीजीच्या ट्रेमधे अंतर सोडून पंधरा बसतात, म्हणजे सतरा ट्रे. भाजायला अठरा मिनिटं आणि ट्रे बदलायला दोन-तीन, म्हणजे नुसता ओव्हन सहा तास चालू. दोन ट्रे वर-खाली टाकून वेळ वाचवू असं म्हणाल तर पंखा नसलेल्या ओव्हनमधे खालच्या ट्रेची बुडं करपतात आणि वरच्या कच्च्या राहतात, त्या वाया गेलेल्या कुकीजचं बटर तुमच्याच पैशाचं. शिवाय भाजताना वजन उतरतं, वीस ग्रॅमची कुकी हवी तर पिठाचा गोळा साडेबावीस ग्रॅमचा घ्यावा लागतो, नाहीतर बॉक्स भरतच नाही आणि सामानाचा अंदाज दहा-बारा टक्क्यांनी चुकतो. आणि लोगो प्रत्येक कुकीवर हाताने चिकटवायचा म्हटलं तर एका नगाला मिनिट धरलं तरी चार तास वर.

म्हणून लोगोच्या कुकीजना किलोचा भाव मी देतच नाही, नगाचा देते. आणि समोरच्याने फारच ताणलं तर सांगते की लोगो बॉक्सच्या झाकणावर स्टिकरमधे घेऊ, आत साध्या कुकीज, आणि प्रत्येक बॉक्समधे वरची एकच कुकी लोगोची. अडीचशेच्या जागी वीस लोगो, चार तासांचं काम वीस मिनिटांत. गेल्या दिवाळीत ज्या ऑफिसने हे घेतलं त्यांनी ह्यावेळी आत्ताच विचारणा केलीये, आणि मी त्यांना आधीच सांगून टाकलंय की एका दिवसाला पाच किलोच्या वर होणार नाही, दहा हवे असतील तर दोन दिवस आधी घेऊन जा, बटर कुकीज हवाबंद डब्यात आरामात टिकतात.