जागा विकली, बँकेने ओढली: किरायदाराच्या कराराचं काय होतं

"मालकानं दुकान विकलं की किरायदाराचा करार तिथंच संपला. नवा मालक म्हणंल तवा खाली करा लागते. डिपॉझिट मांगायचं तं जुन्या मालकाच्या मांगं फिरा, नाई तं सोडून द्या. अन् बँकेनं जप्त केलं तं करार असो का नसो, सामान रोडवर. कोर्टात जाऊन काई फायदा नाई."

हा मेसेज या उन्हाळ्यात माझ्याकडे चार वेगवेगळ्या गावांतून आला. त्यातल्या दोघांनी तो वाचून दुकान खाली करायची तयारीही केली होती. मी तालुक्याच्या कोर्टात किरायदारांची कामं पाहते. म्हणून यातलं एकेक वाक्य घेते.

आधी विक्रीबद्दल. भाडेपट्टा कोणत्या कारणांनी संपतो, याची यादी मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १११ मध्ये आहे. मुदत संपणं, नोटीस देणं, ताबा परत करणं, अटभंगामुळे हक्क जाणं अशी कारणं तिथे आहेत. मालकाने जागा विकली, हे कारण त्या यादीत नाही. उलट कलम १०९ सांगतं की विकत घेणारा जुन्या मालकाच्या जागी येतो. जुन्या मालकाकडे जेवढे हक्क होते तेवढेच त्याला मिळतात. तुमचा नोंदणी केलेला पाच वर्षांचा करार असेल आणि त्यातली तीन वर्षं उरली असतील, तर ती तीन वर्षं नव्या मालकालाही पाळावी लागतात. त्यासाठी त्याच्यासोबत नवा कागद करण्याची गरज नसते.

पण याच नियमाची दुसरी बाजू मेसेज खोडणारे सांगत नाहीत. आपल्याकडे बहुतेक करार शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर होतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि दुय्यम निबंधकाकडे कोणी जात नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी केल्याशिवाय होत नाही, असं कलम १०७ म्हणतं. म्हणजे नोटरीवाल्या पाच वर्षांच्या कराराने पाच वर्षं मिळत नाहीत. तुम्ही महिन्याचे किरायदार राहता. महिन्याच्या किरायदाराला कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन जुना मालक काढू शकत होता, तसा नवाही काढू शकतो. मात्र नोटिशीची मुदत संपली म्हणून तो शटरला स्वतःचं कुलूप लावू शकत नाही. तुम्ही निघाला नाहीत तर त्याला दिवाणी दावा करावा लागतो. कुलूप लावलंच, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. तुमचा ताबा होता आणि तो कायद्याची वाट सोडून काढला, एवढंच दाखवायचं असतं. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ज्या शहर-गावांना लागू आहे, तिथे यापेक्षा जास्त संरक्षण आहे. पण तो कायदा त्याच्या अनुसूचीतल्या गावांपुरताच आहे, म्हणून आपलं गाव त्यात आहे का हे आधी पाहावं.

एका ठिकाणी मात्र मेसेज जवळजवळ खरा ठरतो. तुमच्या कागदावर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलं असेल, तर तो भाडेपट्टा नसून परवाना, म्हणजे जागा वापरायची नुसती मुभा, असू शकतो. परवाना देणाऱ्याने जागा विकली तर घेणाऱ्यावर तो परवाना आपोआप बंधनकारक राहत नाही, असं भारतीय सुखाधिकार कायदा, १८८२ चं कलम ५९ आहे. अकरा महिन्यांचा छापील नमुना झेरॉक्सच्या दुकानातून आणून सही करणाऱ्यांना हा फरक कोणी सांगत नाही. कागदाच्या नावावरून सगळं ठरत नाही. शटरची चावी तुमच्याकडे होती का, मालक मनात येईल तेव्हा आत येत होता का, हेही कोर्ट पाहतं. पण ते सिद्ध करत बसायची वेळ येऊ द्यायची नसेल, तर सही करायच्या आधी पहिलं पान वाचा.

डिपॉझिट आणि किरायाबद्दल. कलम १०९ मध्ये किरायदाराच्या बाजूचं एक वाक्य आहे. जागा विकली म्हणून जुना मालक करारातल्या जबाबदारीतून सुटत नाही. तुम्ही स्वतः नव्या मालकाला जबाबदार धरायचं ठरवलं, तरच तो सुटतो. म्हणून "आता यापुढे सगळं मी पाहतो" असं नवा मालक म्हणाला आणि त्याने कागद पुढे केला, तर त्या कागदात डिपॉझिटची रक्कम त्याला मिळाली आहे आणि ती परत करायची जबाबदारी त्याची आहे, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. किरायाचंही तसंच. विक्री झाल्याचं तुम्हाला माहीत नसताना आणि तसं समजायला कारणही नसताना जुन्या मालकाला दिलेला किराया नवा मालक पुन्हा मागू शकत नाही. विक्रीच्या आधीची थकबाकी मागायचा हक्कही साधारणपणे जुन्याचाच असतो. किराया रोख न देता फोनवरून पाठवला, तर कोणत्या तारखेला कोणाला दिला याचा पुरावा आपोआप तयार होतो.

आता बँक. इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण माणसं इथेच बुडतात. बँक बहुधा २००२ च्या सरफेसी कायद्याने येते, म्हणजे कर्ज थकलं की कोर्टात न जाता गहाण जागा ताब्यात घ्यायची मुभा देणाऱ्या कायद्याने. (प्रत्यक्ष शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही, पण गावठाणातलं घर आणि रोडवरचा गाळा त्यात येतो.) किरायदाराचं काय होणार, हे तीन तारखा ठरवतात: जागा गहाण कधी पडली, तुमची किरायदारी कधी सुरू झाली आणि बँकेने मालकाला कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस कधी दिली.

गहाणाच्या आधीची वैध किरायदारी असेल, तर बँक तुम्हाला नुसती उचलून बाहेर काढू शकत नाही. ती किरायदारी कायद्याने संपवावी लागते. गहाणानंतरची पण नोटिशीच्या आधीची असेल, तर ती मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५-अ मध्ये बसली पाहिजे: वाजवी किराया, आगाऊ किराया किंवा पगडी नाही, आपोआप नूतनीकरणाची अट नाही, आणि इमारत असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षं. गहाणखतातच 'बँकेला विचारल्याशिवाय भाड्याने देणार नाही' असं लिहिलं असेल, तर तेवढीही सोय उरत नाही. नोटिशीनंतर मालकाने बँकेच्या लेखी संमतीशिवाय दिलेल्या भाडेपट्ट्याला जवळजवळ काहीच किंमत नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजरंग श्यामसुंदर अग्रवाल विरुद्ध सेंट्रल बँक ऑफ इंडिया या निकालात ही मांडणी केली. तोंडी किंवा नोंदणी नसलेल्या करारावर एक वर्षापलीकडे ताबा मागता येत नाही, असंही त्यात सांगितलं.

एक उदाहरण धरून चला. वणीकडच्या एका गावात रोडवरच्या गाळ्यात कृषी सेवा केंद्र आहे. दुकानदाराने जून २०१९ मध्ये गाळा तोंडी बोलीवर घेतला, महिना चार हजार. मालकाने जानेवारी २०२१ मध्ये तो गाळा बँकेकडे गहाण ठेवला. जून २०२३ मध्ये मालकाने साठ हजार डिपॉझिट घेऊन पाच वर्षांचा नोटरी करार करून दिला. जानेवारी २०२५ मध्ये बँकेची १३(२) ची नोटीस मालकाला गेली. मालकाने ती कोणाला दाखवली नाही. १२ मे २०२५ ला शटरवर ताबा-नोटीस चिकटली.

दुकानदार हातात २०२३ चा करार घेऊन येतो, कारण तोच त्याला मोठा कागद वाटतो. खरं तर तोच कच्चा आहे. त्याची नोंदणी नाही, तो गहाणानंतरचा आहे आणि तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा आहे. त्याची खरी ताकद २०१९ च्या तोंडी किरायदारीत आहे, कारण ती गहाणाच्या आधीची आहे. बँकेचे वकील म्हणणार की नवा करार केला तेव्हा जुनी किरायदारी सुटली. त्यावर उत्तर असं की नोंदणी नसल्याने नवा भाडेपट्टा झालाच नाही, तर त्यासाठी जुना सुटला कसा? हा मुद्दा लढवण्यासारखा आहे. पण जिंकला तरी हाती पाच वर्षं येणार नाहीत. हाती येईल ती महिन्याची किरायदारी, जी बँकेला रीतसर नोटीस देऊन संपवावी लागेल. माल काढायला आणि दुसरी जागा पाहायला मिळणारा हा वेळ खत-बियाण्याच्या धंद्यात फार मोठा असतो.

२०१९ सिद्ध कसं करायचं? बियाणे आणि खताच्या परवान्यावर गाळ्याचा पत्ता आणि तारीख असते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालकाच्या नावाशेजारी भोगवटा करणाऱ्याचा रकाना असतो, त्याचा जुना उतारा मागा. वीजबिल आणि कंपनीने त्या पत्त्यावर पाठवलेल्या मालाची बिलं जपा. शिवाय कर्ज देताना बँकेने जागेचं मूल्यांकन करून घेतलेलं असतं आणि त्या अहवालात जागा कोणाच्या ताब्यात आहे हे बहुधा लिहिलेलं असतं. तो अहवाल हजर करा, असा अर्ज द्यायला विसरू नका. बँकेच्याच कागदात '२०२१ मध्ये भाडेकरू होता' असं निघालं, तर बराच वाद तिथेच मिटतो.

"कोर्टात फायदा नाही" हे वाक्य अर्धवट आहे. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात सरफेसीविरुद्ध दाद मागता येत नाही, हे खरं. पण किरायदारालाही नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, कलम १७ खाली अर्ज करता येतो. २०१६ च्या दुरुस्तीने आलेलं पोटकलम ४-अ किरायदाराच्या दाव्यासाठीच आहे. मुदत आहे ४५ दिवसांची. वरच्या उदाहरणात १२ मेपासून ती २६ जूनला संपते. मृगाचा पाऊस पडलेला असतो, दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि माणूस म्हणतो, पेरण्या आटोपल्या की नागपूरला जाऊ. तोवर तारीख निघून गेलेली असते. पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने तहसीलदार आणि पोलीस प्रत्यक्ष ताब्यासाठी येतात. तेव्हा त्यांच्यासमोर करार नाचवून काही होत नाही, किरायदारी खरी की खोटी हे ठरवायचं काम त्यांचं नाही.

शेवटची गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण यात चांगली माणसं अडकताना मी पाहिली आहेत. बँकेची नोटीस आलेला मालक कधी कधी म्हणतो, "भाऊ, मागच्या तारखेचा करार करून टाकू, तुझंही वाचंल अन् माझंही." तसा करार करू नका. स्टॅम्पपेपर कधी विकला गेला ते त्याच्यावर असतं, नोटरीच्या रजिस्टरला अनुक्रमांक असतात. तो एक कागद खोटा निघाला की तुमची २०१९ ची खरी बिलंही कोणी विश्वासाने वाचत नाही. बँकेने किराया आपल्याकडे भरायला लेखी सांगितलं असेल, तर पत्र वकिलाला दाखवा, पैसे बँकेत भरा आणि पावती घ्या. मालक रागावला तरी तेवढ्या किरायापुरते तुम्ही मोकळे होता.