शेवटच्या दोन ओळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «सुनीताच्या शेवटी कलाटणी देणं ही नुसती टाळ्या घेणारी युक्ती आहे. त्यासाठी आधीच्या बारा ओळी फुकट जातात. इटालियन सुनीतात वळण कुठे येतं तेही तुम्ही सांगितलेलं नाही. अभ्यास करून लिहा. लेखही लांबलाय.»

नमस्कार.

‘अभ्यास करून लिहा’ हे मला लागलं. मतभेद जरूर असावेत, पण वीस वर्षं सुनीतं, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, लिहिणाऱ्याला शाळकरी पोरासारखं झापायचं काय कारण? इटालियन कवी पेत्रार्कच्या सुनीतात वळण आठ ओळींनंतर, म्हणजे नवव्या ओळीपाशी येतं, हे लिहायचं राहिलं. मान्य. लेखात भर घातली आहे.

पण ‘फुकट जातात’? शेक्सपिअरचं १३० वं सुनीत पुन्हा वाचा. प्रेयसीचे डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठांपेक्षा पोवळं लाल, केस म्हणजे काळ्या तारा. बारा ओळी वाचून वाटतं, हा बाईची खोडच काढतोय. शेवटच्या दोन ओळींत तो म्हणतो, तरीही खोट्या उपमांनी रंगवलेल्या कुठल्याही स्त्रीइतकीच माझी प्रिया दुर्मिळ आहे. ‘खोट्या उपमा’ कानावर पडताच कळतं की खोड तिची नव्हतीच, सूर्य-पोवळ्याच्या ठोकळेबाज उपमांची होती. बारा ओळींतला एक शब्द बदलत नाही, पण त्यांचा रोख बदलतो.

आणि हे अचानक घडत नाही. नवव्या ओळीत तो हळूच सांगून गेलेला असतो की तिचं बोलणं ऐकायला मला आवडतं. सगळ्या नकारांत मायेचा हा पहिला शब्द. हे बी पेरलेलं नसतं, तर शेवट वरून चिकटवल्यासारखा वाटला असता, आणि मग तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वडिलांच्या चिकटपणावर एक सुनीत लिहिलं होतं. काहीही मागितलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, ‘बघू पुढच्या महिन्यात.’ शेवट केला होता, ‘पण माणूस देवासारखा’. एका संपादकांनी पेन्सिलीने ‘हे आधी कुठे दिसलं?’ एवढंच लिहून ते परत पाठवलं. महिनाभर बसलो. नवव्या ओळीत त्यांच्या वहाणेला तिसऱ्यांदा लावलेला तळ आणला. देवमाणूस काढून टाकला आणि शेवटी दर जूनमध्ये माझ्या पायात आलेले नवे बूट ठेवले. त्यानंतर ‘बघू पुढच्या महिन्यात’ वाचताना माझाच आवाज बसला.

युक्ती आहे की नाही, हे तपासता येतं. शेवटच्या दोन ओळी हाताने झाकून बारा वाचा, मग हात काढून पुन्हा पहिल्यापासून वाचा. दोन्ही वेळा अर्थ तोच लागला, तर त्या दोन ओळी नुसता समारोप आहेत. १३० व्या सुनीतावर हे करून बघितलंत का? प्रतिक्रियेवरून तरी तसं दिसत नाही.

लेखाच्या लांबीबद्दल मला काही बोलायचं नाही.