पॉझिटिव्ह आणि आजारी: परळच्या वाचक भगिनींच्या प्रतिक्रियेला उत्तर

एका पानाच्या फोटोतले गणित सोडवताना, चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीला खरोखर आजार असण्याची शक्यता मी सुमारे ९ टक्के काढली होती. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

«फोटोतल्या गणितात चाचणी ९५ टक्के रुग्ण पकडते असे स्पष्ट छापले आहे आणि आपण म्हणता की पॉझिटिव्ह आलेल्याला आजार असण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के! मग काय, चाचण्या बंद करायच्या? मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे पॉझिटिव्ह आलेले बहुतेक जण खरोखरच आजारी निघतात. आकड्यांची ही कसरत प्रत्यक्षात टिकत नाही.»

नमस्कार. आपला अनुभव खरा आहे आणि ९ टक्क्यांच्या आसपासचे उत्तरही बरोबर आहे. दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते, हाच या गणिताचा गाभा असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

फोटोतल्या पानावर तीन आकडे आहेत. आजार लोकसंख्येत ०.२ टक्के लोकांना आहे, ज्यांना आजार आहे त्यांच्यापैकी ९५ टक्के पॉझिटिव्ह येतात, आणि ज्यांना नाही त्यांच्यापैकीही २ टक्के चुकून पॉझिटिव्ह येतात. सूत्र बाजूला ठेवून एक लाख माणसे मोजू. त्यांपैकी २०० जण आजारी आहेत आणि चाचणी त्यांतले १९० पकडते. उरलेल्या ९९,८०० निरोगी माणसांपैकी २ टक्के, म्हणजे १,९९६ जण, पॉझिटिव्ह येतात. लॅबच्या हातात एकूण २,१८६ पॉझिटिव्ह अहवाल पडतात आणि त्यांतले खरे १९०, म्हणजे साधारण ८.७ टक्के. येथे चाचणी कुठेही वाईट वागलेली नाही; निरोगी माणसांची संख्याच इतकी प्रचंड आहे की त्यांच्यातल्या दोन टक्क्यांनीही आजाऱ्यांच्या संख्येला कितीतरी मागे टाकले.

९५ टक्के हा आकडा २०० आजाऱ्यांच्या गटात मोजलेला आहे आणि प्रश्न विचारला आहे तो २,१८६ पॉझिटिव्हांच्या गटाबद्दल. अंश दोन्हीकडे तोच १९०, पण छेद बदलला. हायकोर्टातला वकील जवळपास नेहमी काळ्या कोटात असतो, म्हणून सीएसएमटीच्या फलाटावर दिसलेला प्रत्येक काळा कोट वकिलाचा ठरत नाही. तो टीसीचाही असू शकतो. सशर्त संभाव्यतेची अट उलटवताना, म्हणजे «आजारी असेल तर पॉझिटिव्ह» वरून «पॉझिटिव्ह असेल तर आजारी» कडे जाताना, नेमके हेच विसरले जाते. आपण ९५ टक्के हेच उत्तर मानले, तर त्यात ०.२ आणि २ हे दोन आकडे कुठेच वापरले जात नाहीत, आणि गणित चुकीच्या दिशेने सोडवल्याची ती सर्वांत सोपी खूण आहे. आणखी एक पडताळणी करून पाहावी. समजा, तो आजार कुणालाच नाही. तरीही एक लाखापैकी दोन हजार जण पॉझिटिव्ह येतील, ते सगळेच्या सगळे खोटे असतील, आणि ९५ टक्केवाले उत्तर मात्र जागचे हलणार नाही. जे उत्तर आजार अस्तित्वातच नसताना बदलत नाही, ते आजाराबद्दल काही सांगत नाही.

या चुकीत आपण एकट्या नाही. १९७८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत हार्वर्डशी संबंधित ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला होता. त्यात आजार हजारात एकाला आणि चुकीचे पॉझिटिव्ह पाच टक्के धरले होते. योग्य उत्तर साधारण २ टक्के असताना जवळपास निम्म्यांनी ९५ टक्के सांगितले आणि फक्त ११ जणांचे उत्तर बरोबर आले.

आता आपल्या लॅबकडे वळू, कारण आपल्या आक्षेपाचे खरे वजन तिथे आहे. आपल्याकडे नमुना येतो तो बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, म्हणजे ताप, वजन घटणे किंवा असेच काही पाहून कुणीतरी आधीच निवड केलेली असते. समजा, अशा एक हजार माणसांत २०० जण आजारी आहेत. तेच किट, तेच टक्के: आजाऱ्यांपैकी १९० पॉझिटिव्ह, ८०० निरोग्यांपैकी १६ पॉझिटिव्ह. एकूण २०६ पैकी १९० खरे, म्हणजे ९२ टक्के. आपल्याला दिसते ते हेच. फोटोतल्या गणितात मात्र व्यक्ती «यादृच्छिकपणे निवडलेली» आहे; फोटोच्या उजव्या कडेला सावली पडल्यामुळे हा शब्द अर्धाच दिसतो, पण झूम केल्यास वाचता येतो, आणि सगळे उत्तर त्याच्यावर उभे आहे. लोअर परळमधल्या एखाद्या कार्यालयात सर्व कर्मचाऱ्यांची सरसकट तपासणी झाली, तर तिथली परिस्थिती ओपीडीपेक्षा या शब्दाच्या जास्त जवळ असेल. (याच फोटोत ०.२ मधला दशांशचिन्हाचा ठिपकाही पुसट आहे. तो न दिसता कुणी २ टक्के धरले, तर उत्तर ४९ टक्क्यांवर जाते. वाचकांपैकी दोघांची उत्तरे ४९ का आली, याचे कारण बहुधा हेच असावे.)

चाचणी बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. निगेटिव्ह आलेल्या ९७,८१४ जणांमध्ये आजारी फक्त १० आहेत, म्हणजे निगेटिव्ह अहवालावर बऱ्यापैकी विसंबता येते. पॉझिटिव्ह अहवालानेही शक्यता पाचशेत एकावरून सुमारे साडेअकरात एकावर आणली. इतकेच की पुढचे पाऊल उपचार नसून दुसरी चाचणी हे आहे. दुसऱ्या चाचणीची गुणवत्ता तशीच असेल आणि तिच्या चुका पहिलीपेक्षा स्वतंत्र असतील, तर १९० पैकी सुमारे १८० खरे आणि १,९९६ पैकी सुमारे ४० खोटे उरतात, म्हणजे शक्यता ८२ टक्क्यांच्या घरात जाते.

«स्वतंत्र असतील» ही अट मात्र कागदावर लिहायला सोपी आणि लॅबमध्ये पाळायला कठीण आहे, आणि याबाबतीत आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. एखाद्याच्या रक्तातल्या भलत्याच प्रतिपिंडाने किट फसले, तर त्याच नमुन्यावर तेच किट पुन्हा वापरून ते पुन्हा तसेच फसण्याची शक्यता मोठी असते, आणि वरचा ८२ टक्क्यांचा हिशेब कोसळतो. म्हणूनच एचआयव्हीच्या निदानासाठी नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये पुढची चाचणी वेगळ्या प्रतिजनावर किंवा वेगळ्या तत्त्वावर चालणारी असावी असे सांगितले आहे. त्याच तत्त्वांत लक्षणे असलेल्या व्यक्तीसाठी दोन चाचण्या आणि लक्षणे नसलेल्या व्यक्तीसाठी तीन चाचण्या, असा फरक केलेला आहे. किटची अचूकता तीच असूनही चाचण्यांची संख्या बदलते, कारण लक्षणे असलेल्या माणसाची सुरुवातीची शक्यता मुळातच जास्त असते.

एक मर्यादा फोटोतले गणित लपवते, ती सांगून थांबतो. ९५ आणि २ हे आकडे त्यात किटचे कायमचे गुणधर्म असल्यासारखे दिले आहेत. प्रत्यक्षात, आजार बळावलेल्या रुग्णांवर मोजलेली ९५ टक्के संवेदनशीलता, म्हणजे रुग्ण पकडण्याचे प्रमाण, सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांत कमी भरू शकते, आणि सरसकट तपासणीत असेच रुग्ण अधिक सापडतात. त्यामुळे ८.७ टक्के हे त्या पानावरच्या आकड्यांचे अचूक उत्तर आहे. आपल्या लॅबसाठी मात्र हा हिशेब आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांचे आकडे घेऊन नव्याने करावा लागेल. मागच्या काही महिन्यांतले पॉझिटिव्ह अहवाल आणि त्यांच्या पुढच्या पक्क्या चाचणीचे निकाल आपल्या नोंदवहीत असतील, तर चिठ्ठी घेऊन आलेले आणि हेल्थ चेकअपसाठी आलेले असे दोन गट वेगळे मोजून पाहावेत. दोन गटांतली टक्केवारी सारखी निघाली, तर मला जरूर कळवावे; त्यावर वेगळे लिहायला आवडेल.